हँडहेल्ड कन्सोलसाठी मायक्रोएसडी कार्ड: लेबल कसं वाचायचं, किती जीबीचं घ्यायचं आणि नकली कसं पकडायचं

स्विच किंवा स्टीम डेक हातात आलं की पंधरा दिवसांत स्टोरेज भरतं आणि माणूस कार्ड शोधायला निघतो. दुकानात किंवा ऑनलाइन कुठेही बघा, पाकिटावर मोठ्या अक्षरांत एकच गोष्ट छापलेली असते: स्पीड. ग्राहक त्या आकड्यामागे जास्तीचे पैसे घालतो, आणि बहुतेक वेळा तो वेग त्याच्या कन्सोलच्या स्लॉटला झेपतच नाही. उलट कार्ड खरं आहे की नाही, त्यात छापल्याइतकी जागा खरोखर आहे की नाही, हे तो तपासतच नाही. नुकसान मात्र तिथेच होतं. म्हणून या लेखात वेगाचा भाग आवश्यक तेवढाच आहे आणि तपासणीला जास्त जागा दिली आहे.

पहिली पायरी: आधी स्लॉट कोणता ते बघा

कार्डाचा वेग कार्ड एकटं ठरवत नाही. कार्ड आणि स्लॉट या दोघांत जो मंद असेल तो ठरवतो. स्टीम डेक (एलसीडी आणि ओलेड दोन्ही), निन्टेन्डो स्विच, स्विच लाइट आणि स्विच ओलेड या सगळ्यांचा स्लॉट यूएचएस-एक प्रकारचा आहे. कार्डावर हे रोमन एकाच्या खुणेने, म्हणजे एका उभ्या दांडीने दाखवलेलं असतं. या जोडणीची कमाल मर्यादा सेकंदाला १०४ एमबी आहे. प्रत्यक्षात ९०-९५ एमबी मिळाले तर कार्ड आणि स्लॉट दोन्ही नीट चालतायत असं समजा. निन्टेन्डोनेही पहिल्या स्विचसाठी ६० ते ९५ एमबी वाचन वेगाचं यूएचएस-एक कार्ड सुचवलेलं आहे.

आता पाकिटावर '१९० एमबी', '२०० एमबी' असं छापलेलं असतं, त्याचं काय? तो आकडा खोटा नसतो. काही कंपन्या यूएचएस-एकच्या ठरलेल्या मर्यादेपलीकडे वेग नेणारी स्वतःची पद्धत वापरतात, आणि तो वेग त्याच पद्धतीचा कार्ड रीडर असेल तरच मिळतो. लॅपटॉपवरून कार्डावर भराभर फायली टाकायच्या असतील आणि तसा रीडर जवळ असेल तर त्याचा उपयोग आहे. डेक किंवा स्विचमध्ये गेल्यावर तेच कार्ड ९०-९५वर येतं. दोन कार्डांत फरक फक्त या आकड्याचा असेल आणि किमतीत बरंच अंतर असेल, तर स्वस्त कार्ड उचला.

यूएचएस-दोनचं कार्ड ओळखणं सोपं आहे. कार्ड उलटं करून बघा. साध्या मायक्रोएसडीच्या मागे सोनेरी पट्ट्यांची एकच ओळ असते, आठ पट्ट्यांची. यूएचएस-दोनच्या कार्डाला तिच्याखाली दुसरी ओळ असते. ते कार्ड डेकमध्ये चालेल, पण दुसरी ओळ स्लॉटमध्ये कशालाच टेकणार नाही, आणि त्या ओळीचेच तर जास्तीचे पैसे मोजलेले असतात.

स्विच २ची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि इथे बरेच लोक फसतात. जून २०२५मध्ये आलेल्या या कन्सोलमध्ये गेम ठेवायला मायक्रोएसडी एक्स्प्रेस कार्डच लागतं. जुन्या स्विचमधलं नेहमीचं कार्ड त्यात घातलं तर त्यावरचे स्क्रीनशॉट आणि व्हिडिओ घेता येतात, गेम ठेवता येत नाहीत. म्हणून दुकानात 'स्विचसाठी कार्ड द्या' एवढंच म्हणू नका. पहिला स्विच की स्विच २, ते स्पष्ट सांगा, आणि स्विच २ असेल तर कार्डावर एक्स्प्रेसचं चिन्ह स्वतःच्या डोळ्यांनी बघा. एक्स्प्रेस कार्ड जुन्या स्लॉटमध्ये यूएचएस-एकच्या वेगाने चालतं, त्यामुळे उद्या स्विच २ घ्यायचं नक्की असेल तर आज डेकसाठी ते घेणं चुकीचं नाही, फक्त महाग आहे.

दुसरी पायरी: लेबलवरची चिन्हं

नखाएवढ्या कार्डावर चार-पाच चिन्हं कोंबलेली असतात. प्रत्येक चिन्ह वेगळ्या गोष्टीबद्दल बोलतं, आणि सगळा घोळ त्यातूनच होतो.

इंग्रजी सी अक्षराच्या पोटात १० लिहिलेलं असतं तो जुना स्पीड क्लास. त्याचा अर्थ, लिहिण्याचा वेग सेकंदाला १० एमबीच्या खाली जाणार नाही. यू अक्षराच्या पोटात १ असेल तर तेही १० एमबीच, आणि ३ असेल तर ३० एमबी. व्ही१०, व्ही३०, व्ही६०, व्ही९० ही व्हिडिओसाठीची खूण आहे आणि आकडा तोच किमान वेग सांगतो, म्हणजे व्ही३० आणि यू३ एकच हमी देतात. ही सगळी हमी सलग लिहिण्याची आहे. कॅमेरा तासभर एकच मोठी फाइल लिहीत बसतो, त्याला हीच हमी लागते. गेमचं काम बहुतेक वेळ वाचण्याचं असतं आणि तेही सलग नसतं.

ए१ आणि ए२ या खुणा कन्सोलसाठी जास्त कामाच्या आहेत. गेम लोड होताना कन्सोल कार्डाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून हजारो छोटे तुकडे उचलत असतो. असे किती तुकडे सेकंदाला उचलता आणि ठेवता येतात, ते या खुणा सांगतात. ए१ म्हणजे सेकंदाला किमान १५०० वाचनं आणि ५०० लेखनं. ए२ म्हणजे ४००० वाचनं आणि २००० लेखनं. कागदावर ए२ अडीचपटीहून जास्त वेगवान दिसतं, पण त्यात एक अट आहे. ए२चा आकडा गाठायला कन्सोलनेही कार्डाला एकदम अनेक मागण्या देऊन रांगेत लावायला हव्यात आणि कार्डाची कॅश वापरायला हवी. ही सोय बहुतेक हँडहेल्डमध्ये नसते किंवा पूर्ण वापरली जात नाही. त्यामुळे चांगल्या कंपनीचं ए१ कार्ड आणि ए२ कार्ड यांत गेम उघडायला लागणारा फरक बऱ्याचदा जाणवतसुद्धा नाही. किंमत सारखी असेल तर ए२ घ्या, नसेल तर ए१ पुरेसं आहे. पण ए खूण अजिबात नसलेलं कार्ड कन्सोलसाठी घेऊ नका.

मग यू३ची गरज आहे का? गेम डाउनलोड करताना काय होतं ते बघू. घरी १०० एमबीपीएसची लाइन असेल तर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी येतात. यू३ची ३० एमबीची हमी त्याच्या दुपटीहून जास्त आहे, म्हणजे अडथळा इंटरनेटचा आहे, कार्डाचा नाही. कार्डाची परीक्षा होते ती अपडेटच्या वेळी. स्टीमवर मोठ्या गेमचा अपडेट दोन जीबीचा असला तरी त्यासाठी जुन्या फायली वाचून, त्यात बदल करून त्या पुन्हा लिहाव्या लागतात, आणि एकेक फाइल दहा-वीस जीबीची असू शकते. डाउनलोड संपलं तरी पट्टी अर्ध्यावर रेंगाळत राहते ती यामुळे. इथे नुसत्या सी१० किंवा यू१ कार्डाने अर्धा-पाऊण तास सहज जातो. म्हणून डेकसाठी यू३ आणि ए१ ही किमान जोडी धरा. स्विचवर गेम लहान असतात, तिथे यू१ आणि ए१ घेतलंत तरी फारसं अडत नाही.

तिसरी पायरी: किती जीबी

स्टीमवरचे गेम आकाराने इतके विषम आहेत की सरासरी काढण्यात अर्थ नाही. स्टारड्यू व्हॅलीला ५०० एमबी लागतात, एल्डन रिंगला ६० जीबी, बाल्डर्स गेट ३ला १५० जीबी. तुमच्या यादीतले सगळ्यात मोठे तीन गेम घ्या, त्यांच्या स्टोअर पानावर लिहिलेली जागा बेरीज करा, बाकी लहानसहान गेमांसाठी ५० जीबी धरा आणि आलेल्या आकड्यात पाचवा हिस्सा मिळवा. तो पाचवा हिस्सा अपडेटसाठी आहे. जुनी फाइल ठेवून नवी लिहायची तर तितकी मोकळी जागा लागते, नाहीतर अपडेट जागेअभावी थांबतो.

वरचे दोन मोठे गेम आणि ३० जीबीचा आणखी एक गेम धरला तर २४० जीबी होतात. त्यात ५० मिळवले की २९०, आणि पाचव्या हिश्शासकट ३४८. म्हणजे या माणसाला २५६चं कार्ड अपुरं पडणार, ५१२ हवं. पण जो फक्त लहान इंडी गेम खेळतो त्याला १२८ वर्षभर पुरेल. रेट्रो हँडहेल्ड असेल तर ६४ किंवा १२८च्या पुढे जाण्याची गरज नसते. तिथे आधी बघायचं ते हे, की कन्सोलसोबत आलेलं बिनानावाचं कार्ड लवकर दगा देतं. पहिल्याच आठवड्यात त्याची संगणकावर पूर्ण इमेज घ्या आणि चांगल्या कार्डावर उतरवा.

जागा वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा, नाहीतर खरं कार्डही खोटं वाटेल. कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते आणि विंडोज १०७ कोटी ३७ लाखांच्या आसपास धरतं. म्हणून विंडोजमध्ये १२८ जीबीचं कार्ड ११९, २५६चं २३८, ५१२चं ४७७ आणि १ टीबीचं ९३१ जीबी दिसतं. एखाद-दोन जीबी इकडेतिकडे होतात. यात फसवणूक काही नाही. उलट २५६च्या कार्डावर विंडोजमध्ये बरोब्बर २५६ किंवा त्याहून जास्त दिसलं तर तेच संशयास्पद आहे.

चौथी पायरी: खरेदी

ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून लॅमिंग्टन रोडला, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाला गेलात तर कार्डांची कमतरता नाही. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, शनिवारी सकाळी जा, म्हणजे तपासणीला पूर्ण वीकेंड मिळतो. स्टेशनबाहेरच्या पथारीवरून कार्ड घेऊ नका. कारण साधं आहे: सोमवारी तक्रार घेऊन गेलात तर तो माणूस त्याच जागी बसलेला असेल याची खात्री नाही.

दुकानात पाकीट हातात घेतलं की आधी मागची बाजू वाचा. आयात केलेल्या पॅकबंद मालावर भारतात एमआरपी, आयातदाराचं नाव आणि पत्ता, कुठल्या देशात बनलं, आयात किंवा उत्पादनाचा महिना आणि वर्ष, ग्राहक तक्रारीसाठी संपर्क हे सगळं छापलेलं असणं कायद्याने बंधनकारक आहे. हा स्टिकरच नसेल तर दोनच शक्यता आहेत: माल नकली आहे, किंवा परदेशातून परस्पर आलेला आहे आणि इथली कंपनी त्याची वॉरंटी देईलच असं नाही. दोन्ही शक्यतांत पाकीट परत द्या.

मग लेबलवरची विसंगती शोधा. नकली छापणारे चिन्हं कशीही चिकटवतात आणि तिथे सापडतात. मायक्रोएसडी या नावामागे एचसी असेल तर कार्ड जास्तीत जास्त ३२ जीबीचं असू शकतं, एक्ससी असेल तर २ टीबीपर्यंतचं. म्हणजे एचसी लिहिलेलं १२८ जीबीचं कार्ड अस्तित्वातच असू शकत नाही. एक्ससी लिहिलेलं ४ किंवा १६ टीबीचं कार्डही नाही. रोमन दोन छापलंय पण मागे पट्ट्यांची एकच ओळ आहे, तर तेही खोटं. छपाईचा रंग, फॉन्ट, स्टिकरचा कागद यांवर मात्र फार विसंबू नका. हल्लीची नकली पाकिटं इतकी नीटनेटकी असतात की शेजारी शेजारी ठेवूनही फरक दिसत नाही, आणि कंपन्या स्वतःही दर काही महिन्यांनी छपाई बदलतात.

किमतीचा अंदाज घरातूनच घेऊन निघा. त्या कंपनीच्या त्याच मॉडेलची किंमत दोन-तीन मोठ्या दुकानांच्या साइटवर बघा. पाच-दहा टक्के कमी मिळणं शक्य आहे. निम्म्या किमतीत मिळत असेल तर त्यात काहीतरी कमी आहे, आणि बहुतेक वेळा ती जागाच असते.

एक दृश्य हमखास घडतं. तुम्ही शंका काढलीत की दुकानदार म्हणतो, "अहो, इथेच चालवून दाखवतो." तो कार्ड स्वतःच्या मोबाइलमध्ये घालतो, सेटिंगमध्ये ५१२ जीबी दाखवतो, एक सिनेमा कॉपी करतो आणि तो चालवूनही दाखवतो. या सगळ्यातून काहीही सिद्ध होत नाही. का, ते पुढच्या भागात येईल. त्या क्षणी एवढंच म्हणा: "दादा, घरी पूर्ण भरून बघणार आहे. जागा कमी निघाली तर परत घ्याल ना? तसं बिलावर लिहून द्या." खरा माल विकणाऱ्याला यात अडचण नसते. जीएसटी क्रमांक असलेलं पक्कं बिल घ्या आणि त्यावर कंपनी, मॉडेल आणि जीबी लिहिलेलं असू द्या. नुसतं 'मेमरी कार्ड १ नग' असं लिहिलेलं बिल तक्रारीत उपयोगी पडत नाही.

ऑनलाइन घेताना साइटच्या नावापेक्षा विक्रेत्याचं नाव बघा, कारण एकाच पानावर अनेक विक्रेते असतात. परतीची मुदत किती दिवसांची आहे, आणि पैसे परत मिळतात की फक्त बदली कार्ड मिळतं, तेही वाचा. पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा, त्यात पत्त्याचं लेबल, सील आणि कार्ड तिन्ही दिसू द्या.

पाचवी पायरी: पूर्ण भरून तपासणं

नकली कार्ड आतून काय असतं ते समजलं की तपासणी कशी करायची ते आपोआप कळतं. प्रत्येक कार्डात मेमरी चिप असते आणि तिच्यावर एक छोटा कंट्रोलर असतो. 'तुझ्यात जागा किती' असं कन्सोलने विचारलं की उत्तर कंट्रोलर देतो, चिप मोजून कोणी बघत नाही. नकली कार्डात चिप समजा ३२ जीबीची असते आणि कंट्रोलरला २५६ म्हणायला शिकवलेलं असतं. मोबाइल, विंडोज, कन्सोल सगळे तो सांगेल तेच स्क्रीनवर दाखवतात.

पहिले ३० जीबी लिहिताना कार्ड अगदी खऱ्यासारखं वागतं, कारण तेवढी जागा खरोखर आहे. दुकानातला सिनेमा म्हणूनच चालतो. त्यानंतर दोनपैकी एक गोष्ट होते. काही कार्डं पुढचा डेटा सरळ टाकून देतात आणि 'लिहिलं' असं खोटं सांगतात. काही पुन्हा सुरुवातीपासून लिहायला लागतात आणि आधीचा डेटा पुसून टाकतात. फायलींची यादी कार्डाच्या सुरुवातीच्या भागात असल्यामुळे नावं आणि आकार दिसत राहतात, फक्त आत काही नसतं. कन्सोलवर याचं रूप असं दिसतं: पहिले दोन-तीन गेम छान चालतात, चौथा उतरवून पूर्ण होतो पण उघडताना 'डेटा खराब आहे' म्हणतो, पुन्हा उतरवला तरी तेच. लोक आठवडाभर इंटरनेटला आणि कन्सोलला दोष देत बसतात आणि तोवर परतीची मुदत संपते.

यावर खात्रीचा उपाय एकच आहे. सगळं कार्ड डेटाने भरायचं आणि मग तो डेटा परत वाचून जसाच्या तसा आहे का ते बघायचं. विंडोजवर यासाठी H2testw नावाचा मोफत प्रोग्राम आहे. कार्ड कोरं असताना, कन्सोलमध्ये फॉरमॅट करण्याआधी ही चाचणी घ्या. डेक कार्डाला लिनक्सच्या ext4 पद्धतीने फॉरमॅट करतं आणि मग ते विंडोजला वाचता येत नाही.

कार्ड रीडरमध्ये घाला. रीडर यूएसबी ३चा असू द्या, त्याच्या जोडणीच्या आत बहुतेक वेळा निळं प्लास्टिक असतं. H2testw उघडलं की आधी भाषा English निवडा. Select target दाबून कार्डाचा ड्राइव्ह निवडा आणि तो कार्डाचाच आहे ना, हे दोनदा बघा. all available space वर खूण ठेवा आणि Write + Verify दाबा. थोडीशी जागा तपासली जाणार नाही असा इशारा आला तर चालू ठेवा, फाइल सिस्टिम स्वतःसाठी काही जागा ठेवते. मग लॅपटॉप चार्जरला लावा, स्लीप बंद करा आणि सोडून द्या. २५६चं कार्ड सेकंदाला ६० एमबीने लिहिलं गेलं तर सव्वा तासाच्या आत भरतं, आणि ९०ने वाचलं तर पाऊण तासाहून थोडं जास्त लागतं. म्हणजे एकूण दोन तास, चर्चगेटहून विरारला स्लो लोकलने जाण्यापेक्षा थोडे जास्त. ३० एमबीने लिहिणारं कार्ड असेल तर तीन तासांहून जास्त धरा.

मॅक किंवा लिनक्सवर हेच काम f3 करतं. मॅकवर Homebrew असेल तर:

```
brew install f3
f3write /Volumes/CARD
f3read /Volumes/CARD
```

CARD च्या जागी तुमच्या कार्डाचं नाव घाला. पहिला प्रोग्राम भरतो, दुसरा वाचून ताडून बघतो. फक्त f3write चालवून थांबू नका, खोटं बाहेर येतं ते वाचताना.

निकाल कसा वाचायचा

खरं कार्ड असेल तर H2testw शेवटी असं म्हणतं:

```
Test finished without errors.
```

नकली २५६च्या कार्डावर, ज्याच्या आत ३२ जीबीचीच चिप आहे, साधारण असं दिसतं:

```
The media is likely to be defective.
29.1 GByte OK
209.2 GByte DATA LOST
```

दोन्ही आकड्यांची बेरीज करा. २३८.३ येते, म्हणजे कंट्रोलरने सांगितलेली पूर्ण जागा. त्यातले २९.१ खरे, आणि ३२ जीबीचं कार्ड विंडोजमध्ये तेवढंच दिसतं. असा स्वच्छ तुकडा पडलेला दिसला, सुरुवातीचं सगळं ठीक आणि एका जागेपासून पुढचं सगळं गायब, की शंका उरत नाही. या स्क्रीनचा फोटो काढून ठेवा, दुकानदाराला दाखवायला हाच लागतो.

पण आकडे वेगळे आले तर घाई करू नका. समजा २३८ जीबी ठीक आहेत आणि फक्त काही केबी किंवा एमबी गमावले आहेत. हे नकली कार्डाचं लक्षण नाही. रीडरची पट्टी सैल असेल, ॲडाप्टर जुना असेल, यूएसबी हब कमी वीज देत असेल किंवा कार्डात खरोखर दोष असेल. रीडर बदला, लॅपटॉपच्या दुसऱ्या पोर्टमध्ये थेट लावा आणि चाचणी पुन्हा घ्या. दुसऱ्यांदाही चूक आली तर कार्ड सदोष आहे. कंपनी खरी असली तरी ते बदलून घ्या.

वेगाच्या ओळींबाबतही तसंच. वाचन वेग ३५-४० एमबीवर अडकलेला दिसला तर आधी रीडर बघा, कारण यूएसबी २चा रीडर त्याच्या पलीकडे जाऊच शकत नाही. यूएसबी ३च्या रीडरमध्येही यू३ छापलेल्या कार्डाचा लिहिण्याचा वेग ३०च्या बराच खाली, समजा १२-१५वर राहिला, तर जागा पूर्ण असूनही लेबल खोटं असण्याची दाट शक्यता आहे. हल्ली अशीही कार्डं दिसतात: स्वस्त, मंद, पण जागेने पूर्ण असलेली चिप आणि वर नामांकित कंपनीचं लेबल.

अशा कार्डासाठी आणखी एक तपासणी आहे, आणि ती स्टीम डेकवरच करता येते. प्रत्येक कार्डाच्या आत बनवणाऱ्याचा क्रमांक आणि उत्पादनाचा महिना नोंदवलेला असतो. यूएसबी रीडरमधून तो दिसत नाही, थेट स्लॉटमधून दिसतो. डेकवर डेस्कटॉप मोडमध्ये जा, Konsole उघडा. आधी lsblk चालवून कार्डाचं नाव बघा. ते बहुतेक mmcblk0 असतं, पण ६४ जीबीच्या जुन्या डेकमध्ये आतली मेमरीही याच प्रकारची असल्यामुळे आकारावरून ओळखा. मग:

```
cat /sys/block/mmcblk0/device/manfid
cat /sys/block/mmcblk0/device/oemid
cat /sys/block/mmcblk0/device/date
```

सॅनडिस्कच्या कार्डावर पहिल्या ओळीचं उत्तर 0x000003 आणि दुसऱ्याचं 0x5344 येतं. सॅमसंगसाठी 0x00001b आणि 0x534d. लेबल यांपैकी एकाचं आणि क्रमांक भलताच, किंवा सगळी शून्यं, किंवा उत्पादनाची तारीख ते मॉडेल बाजारात येण्याच्या कितीतरी आधीची, असं दिसलं तर कार्ड ठेवू नका. उलट बाजू मात्र तितकी भक्कम नाही. हुशार नकली कार्ड हा क्रमांकही नक्कल करू शकतं, म्हणून क्रमांक जुळला तरी पूर्ण भरून घेतलेली चाचणी टाळता येत नाही.

नकली निघालं तर

f3 मध्ये असा उपाय आहे की नकली कार्डाला त्याच्या खऱ्या जागेपुरतं आवळून वापरता येतं. २५६चं कार्ड ३२चं म्हणून चालेल. ते करू नका. ज्या माणसाने कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलं त्याने आत चांगली चिप घातली असेल असं मानायला काही कारण नाही. शिवाय कार्डाशी छेडछाड झाली की ते परत करणंही अवघड होतं.

कार्ड, पाकीट, बिल आणि निकालाचा फोटो घेऊन दुकानात जा, शक्यतो दुपारी गर्दी नसताना. ऑनलाइन घेतलं असेल तर परतीचं कारण 'आवडलं नाही' असं निवडू नका. 'नकली माल' किंवा 'वर्णनाप्रमाणे नाही' हेच निवडा आणि फोटो जोडा. पहिलं कारण निवडलंत तर काही वेळा परतीचा खर्च तुमच्यावर येतो आणि तेच कार्ड पुढच्या गिऱ्हाइकाला जाऊ शकतं. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे तक्रार नोंदवताना बिलावरचा जीएसटी क्रमांक, तारीख आणि तुम्ही दुकानदाराला कधी काय कळवलंत ते हाताशी असू द्या.

शेवटची पायरी: कन्सोलमध्ये घालणं

चाचणी पास झाली की H2testw ने बनवलेल्या .h2w फायली पुसायचीही गरज नाही. कन्सोलमध्ये फॉरमॅट केलं की त्या जातातच. डेकवर सेटिंगमधून फॉरमॅट करा. फॉरमॅट मध्येच फसलं तर कार्ड काढून पट्ट्या कोरड्या मऊ कापडाने पुसा आणि पुन्हा करा. चाचणी पास झालेलं कार्ड दोनदा फसत असेल तर दोष बहुधा स्लॉटमधल्या धुळीचा असतो. स्विचवर सिस्टिम सेटिंगमध्ये फॉरमॅटिंगचा पर्याय आहे, आणि ६४ जीबी किंवा त्याहून मोठ्या कार्डासाठी तो आधी एक छोटा अपडेट मागू शकतो, तेव्हा वायफाय चालू ठेवा. स्विचवर गेमची प्रगती कन्सोलच्या आतच राहते, कार्डावर नाही. त्यामुळे कार्ड बदललं तरी गेम पुन्हा उतरवण्यापलीकडे काही गमावत नाही.

पाकीट आणि बिल फेकू नका, वॉरंटीसाठी कंपनी दोन्ही मागू शकते. दुकानातलं बिल थर्मल कागदाचं असतं, आणि मुंबईच्या उकाड्यात आणि दमट हवेत त्यावरची अक्षरं वर्षभरात पुसट होतात. घेतल्याच दिवशी त्याचा आणि पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो काढून ठेवा.